एमपीपीएससीचा अभ्यास आणि ब्राह्मी: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरला रामबागेत राहते आणि भंवरकुआंला क्लासला जाते. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या प्रीलिम्सच्या तयारीत संविधानातली कलमं पाठ होत, पण आठवड्याने अर्धी निसटलेली असत. आत्या म्हणाली, ब्राह्मी घे. पावसाळ्यात सुरू केली, अजून चालू आहे.

पहिली अडचण नावाचीच. सियागंजमध्ये ब्राह्मी मागितली तर दुकानदाराने वाळलेली गोल, कातरलेल्या कडांची पानं पुढे केली. ती मंडूकपर्णी. आधुनिक चाचण्या जिच्यावर झाल्या ती ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी, वेगळी: ओलसर जागी जमिनीलगत पसरते, पानं लहान, मांसल, चमच्याच्या आकाराची, देठावर समोरासमोर जोडीने, चव कडूजहर. दोन्ही वनस्पतींना आपल्याकडे एकाच नावाने हाक मारतात. ग्रंथांनी मात्र त्या वेगळ्याच ठेवल्या आहेत. चरकाच्या चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी येतात. ब्राह्मी त्या चारांत नाहीच. सुश्रुत चिकित्सास्थानात दोघींचे स्वरस वेगवेगळे सांगतो.

सुश्रुताचा दावा मोठा आहे. शरीरशुद्धी करून ताज्या ब्राह्मीचा रस घ्यायचा, तो पचल्यावर दुपारनंतर बिनमिठाची पेज किंवा दूध. सात रात्रींत माणूस मेधावी होतो, पुढच्या सात रात्रींत विसरलेलं परत आठवतं, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर दोनदा ऐकलेल्या शंभर गोष्टी ध्यानात राहतात. म्हणजे एकवीस रात्री पुरे.

चाचण्यांतलं घड्याळ याहून बरंच संथ आहे. ऑस्ट्रेलियात २००१ साली निरोगी प्रौढांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा ठळक फरक बारा आठवड्यांनी दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत एकच मात्रा देऊन काही तासांनी तपासलं, तर काहीच फरक नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगाची २००२ ची चाचणी. चाळिशी ते पासष्टीतल्या ७६ जणांवर ती झाली. त्यात नवीन गोष्ट शिकण्याचा वेग वाढला नाही. शिकलेलं विसरण्याचा वेग तेवढा कमी झाला. विद्यार्थ्यांवरचीही एक चाचणी आहे, आपल्या नागपूरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरची, २०१६ ची. सहा आठवडे रोज दोनदा १५० मिलिग्रॅम दिल्यावर स्मरणाच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. पण सहा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या आढाव्यात आठवून सांगण्याच्या १७ कसोट्यांपैकी ९ मध्येच फायदा दिसला, आणि बुद्धीच्या इतर कामांबाबत पुरावा तोकडा पडला.

म्हणून मी चूर्णाऐवजी अर्काची कॅप्सूल घेतली. डबीवर दोन गोष्टी बघा: वनस्पतीचं पूर्ण नाव आणि बॅकोसाइड या तिच्यातल्या मुख्य घटकाचं प्रमाण. ३०० मिलिग्रॅम अर्कात ५५ टक्के बॅकोसाइड असेल तर १६५ मिलिग्रॅम पोटात जातं. मला दाखवलेल्या एका स्वस्त डबीत २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल होती, प्रमाण २० टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम. तेवढंच मिळवायला रोज तीनाहून अधिक कॅप्सूल लागतील. टक्केवारी छापलेलीच नसेल तर हिशेबच करता येत नाही, अशी डबी मी घेणार नाही.

सुरुवातीला सकाळी रिकाम्या पोटी घेत होते तेव्हा पोटात मुरडा यायचा आणि दोन-तीनदा जावं लागायचं. चाचण्यांतही मुख्य तक्रार हीच आहे. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं.

आता फरक. गणिताचा आणि रीझनिंगचा वेग जिथल्या तिथे आहे. नवीन कलम पाठ व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. पण मूलभूत कर्तव्यं, आणीबाणीची कलमं ३५२, ३५६, ३६० यांच्या अटी आठवड्यानंतर कोऱ्या कागदावर लिहायला बसले की आता बरंच उतरतं. पहिले काही आठवडे असं काहीच नव्हतं, तिसऱ्या महिन्याच्या आसपास जाणवलं. मात्र याच काळात मी रविवारी न बघता लिहून काढायची सवयही लावली, आणि तिचा वाटा मोठा असणार. चाचणीत तुलनेला खोट्या गोळीचा गट असतो, माझ्याकडे नाही. त्यामुळे सगळं श्रेय ब्राह्मीला देणं मला पटत नाही.

मेन्सपर्यंत हीच मात्रा ठेवणार आहे. धाकटा भाऊ दहावीला आहे, आई त्यालाही द्या म्हणते. मी नको म्हटलं. लक्ष न लागणाऱ्या, चंचल मुलांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि वागण्यात खोट्या गोळीपेक्षा ठोस फरक दिसला नाही. थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून मगच डबी उघडा.