डावी बाजू दिसत नाही: नजरेचा सराव की प्रिझमचा चष्मा?

मेंदूच्या उजव्या भागात, मागच्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला की दोन्ही डोळ्यांची डावी बाजू जाऊ शकते. डावा डोळा झाकून पाहा, उजव्यालाही डावीकडचं दिसणार नाही. म्हणूनच चष्म्याचा नंबर बदलून डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा थांबत नाही.

सरावात दारापाशी थांबून डोळे झटकन डावीकडे टोकापर्यंत न्यायचे आणि चौकटीची कड सापडली की मगच पाऊल टाकायचं. नेहमीची चूक म्हणजे डोळे मध्यापासून थोडेथोडे सरकवणं. तोवर खांदा पोचलेला असतो.

पेली प्रिझम हा प्रिझमच्या चष्म्याचा एक प्रकार. त्यात डाव्या काचेवर बाहुलीच्या वर आणि खाली एकेक पट्टी बसते, मधली जागा मोकळी राहते. 40 प्रिझम डायॉप्टरची पट्टी डावीकडचं दृश्य सुमारे 20 अंश आत आणते. तो फक्त इशारा असतो. नीट पाहायला नजर मधल्या काचेतूनच वळवायची. थेट पट्टीतून पाहिलं तर एकाचे दोन दिसतात.

त्यामुळे आधी सराव, नंतर प्रिझम हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. मात्र ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि विचारलं तर रुग्ण "वाढलीच नाही" म्हणतो, तेव्हा डाव्या बाजूचं भानच हरपलेलं असू शकतं. अशा वेळी चष्म्याची घाई नको. आधी त्याची तपासणी करून घ्या.