नोशनमधील उजळणीचा तक्ता: एका सत्राच्या वापरानंतरचा अनुभव

बी. फार्म.च्या पाचव्या सत्रात, जुलै महिन्यात, मी औषधशास्त्राच्या वहीतली टिपणे नोशनच्या एका डेटाबेसमध्ये उतरवायला सुरुवात केली. डिसेंबरमधील परीक्षेपर्यंत तो तक्ता मी जवळजवळ रोज उघडत होते. इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या घरी रात्री नऊनंतरचा एक तास उजळणीसाठी ठरलेला असे, आणि त्या तासात काय वाचायचे हे मी या तक्त्यावरूनच ठरवत असे. या काळात त्याची रचना मला दोनदा बदलावी लागली, आणि ती का बदलावी लागली हेच येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीला तीन रकाने होते. ‘विषय’, ‘स्थिती’ आणि ‘पुढील उजळणी’. यांतला शेवटचा साधा Date प्रकारचा होता व त्यातील तारीख मी हाताने भरत असे. चूक येथेच होती. उजळणी संपल्यावर आपण थकलेलो असतो, आणि अशा वेळी जो भाग नकोसा वाटतो त्याला नकळत लांबची तारीख दिली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला तक्ता चाळताना दिसले की मूत्रल औषधांच्या सगळ्या ओळी तीन-तीन आठवडे पुढे गेल्या होत्या, आणि मला त्याच सर्वांत कमी येत होत्या. दुसरी अडचण ‘स्थिती’ची होती. तेथे मी ‘बाकी’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे पर्याय ठेवले होते. ‘झाले’ याचा अर्थ मी ते वाचले एवढाच होतो. न पाहता सांगता येते की नाही हे त्यातून कळत नाही.

म्हणून दोन्ही रकाने मी नव्याने मांडले. स्थितीचे पर्याय आता ‘कच्चे’, ‘मध्यम’, ‘पक्के’ आणि ‘मुरलेले’ असे आहेत. उत्तर न पाहता पूर्ण सांगता आले तर ओळ एक पायरी वर जाते, आणि एकही मुद्दा सुटला तर ती थेट ‘कच्चे’वर परत येते. ‘शेवटची उजळणी’ असा नवा Date रकाना घातला आणि ‘पुढील उजळणी’ Formula प्रकारचा केला, म्हणजे तारीख ठरवणे माझ्या हातात उरले नाही:

```
dateAdd(
  prop("शेवटची उजळणी"),
  ifs(prop("स्थिती") == "कच्चे", 1,
      prop("स्थिती") == "मध्यम", 4,
      prop("स्थिती") == "पक्के", 12,
      30),
  "days")
```

एक, चार, बारा आणि तीस दिवस ही अंतरे मी माझ्या सत्राच्या लांबीवरून बेतली आहेत. ‘आज’ नावाच्या दृश्यात एकच गाळणी आहे: पुढील उजळणी is on or before आज. रात्री तेवढ्याच ओळी समोर येतात.

एका ओळीचा प्रवास सांगते. शीर्षक आहे, ‘प्रोप्रॅनोलॉल कोणाला देताना जपावे आणि का?’ शीर्षक मी मुद्दाम प्रश्नाच्या रूपात लिहिते आणि उत्तर आतल्या पानावर मिटलेल्या टॉगलमध्ये ठेवते, कारण उत्तर डोळ्यांसमोर असले की आठवण्याऐवजी आपण फक्त ओळखतो. उत्तरात तीन मुद्दे आहेत. दम्याच्या रुग्णात ते श्वासनलिका आकुंचित करू शकते. मधुमेहाच्या रुग्णात साखर उतरल्याची छातीतील धडधडीची खूण ते झाकते. आणि ते एकाएकी बंद करायचे नसते. ३ सप्टेंबरला ही ओळ कच्ची होती, म्हणून ४ तारखेला परत आली. त्या दिवशी आठवली, मध्यम झाली आणि ८ तारखेला आली. तेव्हाही आठवली, पक्की होऊन २० तारखेला आली. त्या रात्री ताईने प्रश्न विचारला आणि मी दोनच मुद्दे सांगून थांबले. “साखरेचं राहिलं गं,” असे ती म्हणाली. ओळ कच्ची झाली, २१ आणि २५ तारखेला परत येऊन पुन्हा पक्की झाली, आणि ७ ऑक्टोबरला तिन्ही मुद्दे सांगता आल्यावर मुरलेली ठरून ६ नोव्हेंबरला गेली. साखरेचा मुद्दा त्यानंतर एकदाही सुटला नाही. जुन्या पद्धतीत हीच ओळ ४ सप्टेंबरलाच ‘झाले’ म्हणून पडून राहिली असती.

या रचनेत एक छुपी अडचण आहे व ती लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. ‘आज’ या दृश्यात उभे राहून आधी स्थिती बदलली, तर सूत्र जुन्या तारखेपासून नवे अंतर मोजते, ओळ भविष्यात जाते आणि यादीतून नाहीशी होते. मग ‘शेवटची उजळणी’ बदलायची राहून जाते. ८ तारखेला मध्यमची पक्की केलेली ओळ अशा वेळी २० ऐवजी १६ तारखेला परत येते. आधी तारीख बदलली तरी ओळ तशीच निसटते, आणि मग स्थिती जुनीच राहते. उपाय एकच आहे: ओळ पान म्हणून उघडावी, दोन्ही रकाने तेथे बदलावेत आणि मगच पान बंद करावे. तारीख बदलायची राहून गेली आहे का हे पाहण्यासाठी Last edited time हा रकाना शेजारी लावावा. त्यातील तारीख ‘शेवटची उजळणी’च्या नंतरची असेल, तर ती ओळ एकदा तपासून पाहावी.

नोंदी एकदम भरल्या तर त्या एकदमच परत येतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका रविवारी मी अडतीस ओळी भरल्या आणि दुसऱ्या दिवशी अडतीसच्या अडतीस समोर उभ्या राहिल्या. तेव्हापासून दिवसाला सहापेक्षा जास्त नव्या ओळी मी घालत नाही. दिवाळीत मात्र पाच दिवस तक्ता उघडलाच नाही आणि एकसष्ट ओळी साचल्या. त्या तारखेच्या क्रमाने घेणे बरोबर नव्हते. एका दिवसाच्या ओळीला पाच दिवस उशीर होणे फार मोठे असते, तीस दिवसांच्या ओळीला तेवढ्याच उशिराने विशेष काही होत नाही. म्हणून यादी स्थितीनुसार लावली, रोज वीस ओळी घेतल्या आणि मुरलेल्या सर्वांत शेवटी ठेवल्या. चौथ्या दिवशी साचलेले संपले.

नोशनकडून काय मिळत नाही तेही सांगायला हवे. सूत्रातून आलेल्या तारखेवर स्मरणसूचना लावता येत नाही, ती फक्त Date रकान्यावर लागते. त्यामुळे नऊ वाजताचा गजर मला फोनवरच लावावा लागतो. विषयाचा रकाना आधी Multi-select ठेवला होता, त्यात एकाच गटाची दोन वेगवेगळी नावे तयार झाली. Select करून नावे एकदाच ठरवल्यावर तो प्रश्न सुटला. नुसत्या औषध-गट जोड्यांसाठी मी अंकी हे उजळणीचे ॲप वापरते, कारण तेथे अंतर आपोआप ठरते आणि दोन रकाने हाताने बदलावे लागत नाहीत. जेथे उत्तर तीन-चार वाक्यांचे असते, आकृती जोडायची असते किंवा एका टिपणातून दुसऱ्याकडे जायचे असते, तेथे मला नोशनच सोयीचे वाटते.

परीक्षा कधी आहे हे या सूत्राला ठाऊक नसते. नोव्हेंबरच्या अखेरीस मी ‘परीक्षेपूर्वी न येणाऱ्या’ असे आणखी एक दृश्य केले, ज्यात पुढील उजळणी परीक्षेच्या तारखेच्या नंतर असलेल्या ओळीच दिसतात. तेथे चौदा ओळी निघाल्या, सगळ्या मुरलेल्या. त्या मी शेवटच्या दोन रात्रींत सात-सात करून घेतल्या, आणि त्यांतल्या दोन, दोन्ही मूत्रल औषधांच्या, पुन्हा कच्च्या कराव्या लागल्या. सहाव्या सत्रासाठी नवा डेटाबेस केलेला नाही. याच तक्त्यात ‘सत्र’ असा रकाना वाढवला आहे, म्हणजे पाचव्या सत्रातल्या मुरलेल्या ओळी महिन्यातून एकदा नव्या ओळींबरोबरच समोर येत राहतील.