‘बाकी पेमेंट फायनल अप्रूव्हलनंतर’: कॅरेक्टरच्या कामात माझे 21 हजार कसे अडकले

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि चित्रं काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेल्या वर्षी एका कॅरेक्टरच्या कामात मी फसले. फसवणाऱ्यांनी माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. सगळं ब्रीफमध्ये, म्हणजे काम सांगणाऱ्या कागदात, लिहिलेलं होतं आणि मी ते वाचून ‘ओके’ म्हटलं होतं. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. अशी ब्रीफं आपल्याकडच्या नव्या मुलामुलींना रोज येतात.

काम होतं भडंगाच्या पाकिटावरच्या आजोबांचं. पार्टी जवळपासचीच, ओळखीतून आलेली. जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानी पीडीएफ आली. फेटेवाले, मिशीवाले आजोबा हवे होते. समोरून, तिरके, बाजूने आणि मागून अशी चार चित्रं, पाच पोझ आणि चेहऱ्याचे सहा भाव. 24,000 रुपये ठरले. दुसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या:

‘कॅरेक्टरचे पूर्ण हक्क कंपनीचे. समाधान होईपर्यंत बदल करून द्यावे लागतील. डेडलाइन 20 ऑगस्ट. टोकन 3,000, बाकी पेमेंट फायनल अप्रूव्हलनंतर.’

एकेक ओळ सुटी वाचली तर वावगं काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. या चार ओळी एकत्र आल्या की काय होतं, ते मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

सुरुवात छान झाली. माझ्या आजोबांसारखीच डाव्या बाजूला जरा जास्त वळलेली मिशी काढली, सदऱ्याला डाव्या छातीवर खिसा दिला. स्केच पास झालं, म्हणजे फोनवर ‘मस्त मॅडम, पुढं चालू द्या’ असं ऐकलं. लेखी काही नाही. 6 ऑगस्टला रंगवलेली सगळी चित्रं पाठवली.

मग बदल सुरू झाले. आधी खिशात पेन हवं होतं, मग पेनाऐवजी चष्म्याचं घर, मग पुन्हा पेन. कंटाळून मी खिसा आणि त्यातली वस्तू वेगळ्या लेअरवर ठेवली, म्हणजे बदलायला सोपं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

दोन दिवसांनी निरोप आला, ‘मालकांच्या मते आजोबा जरा बुटके, गुबगुबीत हवेत. एवढंच करा.’ चित्र न काढणाऱ्याला हे खरंच ‘एवढंच’ वाटतं. माझे आजोबा पाच डोकी उंच होते, म्हणजे त्यांच्या डोक्याच्या पाचपट त्यांची एकूण उंची. ते साडेतीन डोक्यांवर आणायचे तर हातपाय आखूड होतात, पोट पुढे येतं, फेट्याचा शेमला कमरेऐवजी गुडघ्याशी जातो, सदऱ्याच्या चुण्या सगळ्या बदलतात. चार बाजू आणि पाच पोझ, अशी नऊ चित्रं रेषेपासून पुन्हा काढावी लागली. जुनं काही वाचलं असेल तर ते चेहऱ्याचे सहा भाव. हा बदल स्केचवर सांगितला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. रंगानंतर सांगितल्यामुळे सहा दिवस गेले. पण ‘समाधान होईपर्यंत बदल’ कबूल केलेले, मग बोलणार कुठल्या तोंडाने?

एकूण अकरा वेळा बदल झाले. मी पाठवायचे आणि त्यांचं उत्तर यायला कधी दोन दिवस, कधी चार. डेडलाइन मात्र हललीच नाही, कारण ब्रीफमध्ये तारीख फक्त माझ्यासाठी होती. त्यांनी किती दिवसांत उत्तर द्यायचं, याची कुठे ओळच नव्हती.

20 तारीख उलटून गेल्यावर एका संध्याकाळी फोन आला. ‘ताई, पाउचवाला अडून बसलाय. सिलिंडर बनवायचेत, ओपन फाइल लागते. आज द्या, नाहीतर गणपतीचा माल चुकेल.’ पाउचची छपाई ग्रॅव्हूर सिलिंडरवर होते आणि प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरतात. म्हणून त्याला लेअर सुटे असलेली फाइल लागते, हे खरंच आहे. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. मी 300 डीपीआयची, सगळे लेअर सुटे असलेली पीएसडी पाठवून दिली. हाती आले होते फक्त 3,000.

त्यानंतर फोन कमी झाले. ‘मालक बाहेरगावी आहेत, अप्रूव्हल बाकी आहे.’ पुढे पुढे तेही बंद.

दिवाळीच्या खरेदीला गणपती पेठेत गेले होते. एका दुकानाच्या दारात पाकिटांची माळ लटकत होती आणि तिच्यावर माझे आजोबा. मी जवळ जाऊन एक पाकीट हातात घेतलं. चित्र आरशासारखं उलटं केलं होतं, कारण आजोबांचा हात पाकिटावरच्या नावाच्या दिशेला हवा होता. त्यामुळे मिशीचं वळण उजवीकडे गेलं होतं आणि सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर. उजव्या छातीवर खिसा कुठला शिंपी लावतो? मी दहा रुपये देऊन ते पाकीट घेतलं आणि रिक्षात बसून रडले.

फोन केला तर त्यांचं उत्तर तयार होतं. मालकांनी फायनल अप्रूव्हल दिलेलंच नाही, म्हणून पेमेंट लागू होत नाही. हक्क कंपनीचे, असं ब्रीफमध्ये आहे, म्हणून वापरलं. शिवाय 20 तारीख तुम्हीच चुकवली. चार ओळींपैकी तीन माझ्याच अंगावर आल्या. आणि ‘समाधान होईपर्यंत’ या चौथीमुळे अप्रूव्हल कधीच द्यावं लागणार नव्हतं.

ओळखीच्या वकीलकाकांकडे सगळे मेसेज छापून नेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या प्रत्येक चित्रकाराला माहीत असायला हव्यात.

चित्र काढणाऱ्याचाच कॉपीराइट, असं आपण धरून चालतो. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 मध्ये याला अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. पाकिटावरचं कॅरेक्टर यात बसतं का, यावर कोर्टात वाद घालता येईल. पण गप्प राहिलं तर तो वाद आपल्याला अंगावर घ्यावा लागतो. म्हणून ‘हक्क चित्रकाराकडे, कंपनीला अमुक वापराची परवानगी’ हे लिहूनच घ्यायचं. हक्क विकायचेच असतील, तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि चित्रकाराच्या सहीने व्हावे लागतात. तिथे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. मी सही कुठेच केलेली नव्हती, हा माझा एकमेव आधार. पण तो ‘ओके’ होता, आणि काका म्हणाले, ‘बाळ, ओकेचा अर्थ ते त्यांच्या बाजूने लावणार.’

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योगांसाठी असलेल्या सरकारी नोंदणीची. 2006 च्या एमएसएमई कायद्यात आहे की माल किंवा सेवा पोचल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असं समजतात. आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी पैसे द्यायची मुदत स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जात नाही. म्हणजे ‘मालक बाहेरगावी’ हे कारण तिथे टिकत नाही. पण त्यासाठी काम घेण्याआधीची नोंदणी हवी, नंतर केली तर त्यावरच भांडण होतं. माझी नव्हती. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. मी ती त्याच आठवड्यात केली, पण या कामासाठी तिचा उपयोग नव्हता.

आता मी ब्रीफ आलं की त्या चार ओळी बदलून परत पाठवते. पेमेंट मी ‘अप्रूव्हल’ला बांधत नाही, टप्प्यांना बांधते. 40 टक्के आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही, 30 टक्के स्केचला लेखी होकार मिळाल्यावर, आणि उरलेले 30 टक्के वॉटरमार्क टाकलेली लहान जेपीईजी दाखवल्यानंतर पण मूळ फाइल देण्याआधी. पाच दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर तो टप्पा मान्य.

बदलांचा आकडा लिहिते आणि ‘एक बदल’ म्हणजे काय तेही लिहिते, कारण नुसत्या आकड्याने भागत नाही. सगळ्यांची मतं गोळा करून एकाच मेसेजमध्ये पाठवली की ती एक फेरी. सकाळी पेन, दुपारी चष्मा आणि रात्री फेटा कळवला तर तीन फेऱ्या. स्केचवर दोन फेऱ्या, रंगावर एक. रंगाच्या फेरीत रंग, खिशातली वस्तू, चेहऱ्याचा भाव बदलता येतो. उंची, बांधा, पोझ बदलायची असेल तर ते नवं काम, प्रत्येक चित्रामागे ठरलेला दर. ही ओळ असती तर ‘जरा बुटके’ म्हणण्याआधी त्यांनी नऊ चित्रांचा हिशोब केला असता.

वापर म्हणजे कुठल्या वस्तूवर, कुठल्या राज्यात, किती वर्षं, हे नावानिशी. पाकीट लिहिलं असेल तर रिक्षामागची जाहिरात त्यात येत नाही. हा हक्क पूर्ण पैसे आल्याच्या दिवसापासून लागू होतो. ओपन फाइलची किंमत वेगळी. छापखान्याला घाई असली तरी पैसे यूपीआयने दोन मिनिटांत येतात, फाइल त्यानंतर. आणि डेडलाइन तारखेने न लिहिता दिवसांत लिहिते: अ‍ॅडव्हान्स आणि माहिती मिळाल्यापासून 25 दिवस, पार्टीच्या उत्तराची वाट पाहण्यातले दिवस त्यात धरायचे नाहीत. काम मध्येच थांबवलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे परत मिळत नाहीत, हेही.

अशा ओळी पाहून काही पार्ट्या निघून जातात. परवा एका हळदवाल्यांनी मात्र फोन करून विचारलं, ‘पूर्ण हक्क घ्यायचे तर किती होतील?’ मी दर सांगितला, त्यांनी तीन वर्षांची परवानगी घेतली आणि 40 टक्के त्याच दिवशी पाठवले.

भडंगवाल्यांना वकीलकाकांनी नोटीस पाठवली. सिलिंडर कोरायला चित्र दिलं तेव्हाच अप्रूव्हल झालं, असा त्यात मुख्य मुद्दा होता. त्यांनी 8,000 देऊ केले, पण त्यासोबत सगळे हक्क दिल्याच्या कागदावर माझी सही मागितली. मी दिली नाही. पुढचं वकिलांच्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचं अर्धा किलोचं नवं पाकीट बाजारात आलंय. आजोबांचा हात अजून उलट्या बाजूलाच आहे, मिशीचं वळणही उजवीकडेच. माझा तो सुटा लेअर हलवून खिसा मात्र पुन्हा डाव्या छातीवर आणलाय आणि त्यात चष्म्याचं घर आहे.