पिवळ्या दिव्याचा फोटो आणि साडेअठरा हजार

जुलैत मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटाच्या चढावर गाडी धक्के खायला लागली. 2016 ची पेट्रोल गाडी, तोपर्यंत कधी कुरकुर नाही. समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. बायको म्हणाली, "थांबवा", पण पाऊस धो धो आणि मागे ट्रकांची रांग, थांबणार कुठे? घोटीला चहाला उतरलो तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता पेटलेला होता. तिथे मी त्याचा फोटो काढला.

शेजाऱ्यांनी एका गॅरेजवाल्याचा नंबर दिला होता. त्याला फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. जास्त चालवू नका, इंजिन बसेल." कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा. 'इंजिन बसेल' वाचल्यावर माणूस भाव करत नाही. एकूण साडेअठरा हजार, त्यातले आठ लगेच फोनवरून पाठवायचे, कारण 'पार्ट मागवावा लागतो'. मी पाठवले. गाडी घेऊन गेला, संध्याकाळी आणून दिली, दिवा विझलेला. उरलेले पैसे दिले. बिल मागितलं तर "उद्या पाठवतो सर". तो उद्या अजून यायचाय.

चौथ्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या उड्डाणपुलावर चढताना तोच धक्का, तोच दिवा. फोन केला तर म्हणाला, नवीन पार्ट सेट व्हायला वेळ लागतो. तशीच आणखी आठवडाभर चालवली. हा मूर्खपणा माझा.

शेवटी सातपूरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. "दिवा लुकलुकत होता का नुसता पेटलेला?" घाटातलं सांगितलं. "मग हे फोटोत कुठनं दिसणार? फोटोत लुकलुकणारा दिवापण पेटलेलाच दिसतो." मी गप्प. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, मिसफायर होतोय, आणि तोही इतका की कन्व्हर्टरला धोका आहे. नुसत्या पेटलेल्या दिव्यामागे मात्र टाकीचं झाकण सैल असण्यापासून सेन्सर बिघडण्यापर्यंत काहीही असू शकतं. चित्र एकच, कारणं शेकडो.

स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात त्यांनी स्कॅनर लावला. पडद्यावर आलं `P0302`. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबरमध्ये मिसफायर. कन्व्हर्टर कमजोर झाला की सहसा `P0420` येतो, तो नव्हताच. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. "कोड सिलिंडर सांगतो, पार्ट नाही." ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, कोणीही दोषी असू शकतो. त्यांनी दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरवर लावली, चारची दोनवर, कोड पुसला आणि मला शेजारी बसवून त्र्यंबक रोडला चक्कर मारून आणली. आता कोड आला `P0304`. दोष कॉइलबरोबर सरकला होता. प्लग आणि इंजेक्टर जागेवरच होते, म्हणजे ते सुटले. नवीन कॉइल आणि मजुरी मिळून सव्वीसशे रुपये.

मग मी विचारलं, माझा नवा कन्व्हर्टर? त्यांनी इंजिनाजवळचं पत्र्याचं कव्हर काढून टॉर्च मारली. नटांवर वर्षानुवर्षांचा गंज, एकावरही पाना लागल्याची खूण नाही. गॅस्केटही जुनंच. पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त कोड पुसून दिवा घालवला होता. आमचं फिरणं सपाट रस्त्यावरचं, म्हणून तीन दिवस निभावलं, जोर लागताच दिवा परत आला.

गॅरेजवाल्याला फोन करून जुना पार्ट मागितला. त्याने काय पाठवावं? फोटो! कुठल्या तरी गाडीचा कापलेला कन्व्हर्टर. नंतर फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पण बिल नाही. हातात फक्त पैसे पाठवल्याची नोंद आणि ते संदेश.

फोटो अगदीच निरुपयोगी असतो असं नाही. दिवा कोणता आणि कुठल्या रंगाचा, एवढं त्यातून कळतं. तेलाच्या किटलीचा लाल दिवा असता तर फोटो पाहणाऱ्याने 'इंजिन बंद करा' एवढं सांगितलं तरी खूप. पण पिवळ्या इंजिनाच्या फोटोवरून कुणी पार्टचं नाव आणि किंमत सांगितली, तर कोड कुठला आला ते आधी विचारा, स्कॅनरचा पडदा डोळ्यांनी पाहा, आणि काढलेला पार्ट गाडीच्या डिकीत ठेवायला सांगा. पाठवायचंच असेल तर इंजिन चालू ठेवून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, निदान लुकलुकणं आणि इंजिनाचा आवाज तरी पोचेल.

मिसफायर असताना न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून तापून खराब होतो. मी तशी गाडी दहा-बारा दिवस चालवली. मिस्त्रींनी दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला बोलावलंय. तेव्हा `P0420` दिसला, तर पहिल्याचं खोटं निदान माझ्याच पैशांनी खरं झालेलं असेल.