ऑनलाइन शिकवणी की ट्रान्सक्रिप्शन: मूल झोपेल तेवढ्या वेळात काय जमतं?

लेक दीड वर्षाची असताना मी आधी ऑनलाइन शिकवणी घेतली आणि नंतर ट्रान्सक्रिप्शनकडे, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून लिहून देण्याच्या कामाकडे वळले. तासाच्या हिशेबाने मला शिकवणीत जास्त मिळायचं, शिवाय दर महिन्याचे पैसे ठरलेले असायचे. ट्रान्सक्रिप्शनमध्ये काम कधी भरपूर, कधी काहीच नाही.

शिकवणीची पहिली अडचण वेळेची. मूल प्ले स्कूलमध्ये असतं तेव्हा शाळकरी विद्यार्थीही शाळेतच असतात. त्यामुळे प्रौढ विद्यार्थी मिळाले तरच सकाळ उपयोगी पडते. मला दोघी मिळाल्या, पण त्यांना दुपारी दोनची वेळ हवी होती.

तिथेच माझं बिनसलं. तास छान व्हायचा, त्रास व्हायचा तो आधीच्या तासाभरात. एक वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघत लेकीला थोपटायचे. माझी घाई तिला कळायची आणि ती हमखास जागी राहायची. पावणेदोनला मी तिच्यावर चिडलेली असायचे. पुढे प्ले स्कूल सुरू झालं, सर्दी-तापाचे दिवस वाढले आणि मला तास रद्द करायची लाज वाटू लागली.

ट्रान्सक्रिप्शनमध्ये दिवस ठरलेला असतो, तास नसतो. मात्र पैसे रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर मिळतात, तुमच्या मेहनतीच्या मिनिटांवर नाही, हे आधीच लक्षात घ्या. एकाच माणसाच्या स्पष्ट बोलण्याला सरावाने साधारण चौपट वेळ लागतो, नवख्याला सहापट. माझं सुरुवातीचं अर्ध्या तासाचं एक काम असं झालं: सोमवारी लेकीच्या झोपेत पन्नास मिनिटं, मंगळवारी प्ले स्कूलच्या वेळात दीड तास, बुधवारी ताप म्हणून शून्य, गुरुवारी पुन्हा ऐकून तपासायला चाळीस मिनिटं. तीन तास लागले, पण शुक्रवारची मुदत पाळता आली. मध्येच ती उठली तर शेवटच्या ओळीशी रेकॉर्डिंगची वेळ टाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

चार-पाच जण एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील तर हे गणित कोलमडतं. म्हणून काम घेण्याआधी मी मधलीच दोन मिनिटं मागवते आणि घड्याळ लावून लिहून बघते. वीस मिनिटं लागली तर नाही म्हणते. आणि काम देण्यासाठी आधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांना तर उत्तरही देत नाही.

घरात दुपारी मुलाला सांभाळणारं हक्काचं माणूस असेल, तर कदाचित शिकवणीच बरी पडेल. नसेल, तर आधी दोन आठवडे झोपेच्या वेळा लिहून काढा. माझ्या वहीत झोप लागण्याची वेळ साडेबारा ते सव्वादोन अशी कुठेही होती. शिवाय तीन वर्षांच्या आसपास बरीच मुलं दुपारची झोप सोडू लागतात. माझी लेकही आता सोडते आहे. ट्रान्सक्रिप्शनची कामं मी सकाळकडे सरकवली, त्यासाठी कुणाला कळवावंही लागलं नाही.