तारखेचं बटण: पॉवरटॉईज की ऑटोहॉटकी?

आमच्या ऑफिसात आवक-जावकची पत्रं मीच करतो. दिवसातून वीसेक वेळा तारीख टाइप करायची, एक्सेल उघडायचं आणि वर्डमधला एखादा नकोसा शॉर्टकट बदलून घ्यायचा, एवढीच माझी गरज. त्यासाठी मी आधी पॉवरटॉईज या विंडोजच्या जादा साधनांच्या संचातला कीबोर्ड मॅनेजर वापरला, मग ऑटोहॉटकी, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट लिहून बटणांना कामं जोडून देणारा प्रोग्रॅम.

नुसतं बटण बदलायचं असेल तर पॉवरटॉईज निःसंशय सोपं. खिडकीत दोन रकाने भरले की झालं. ठरावीक प्रोग्रॅम उघडणं, तो आधीच चालू असेल तर समोर आणणं, हेही त्यात होतं. शिवाय ते मायक्रोसॉफ्टचं, त्यामुळे आयटीवाल्यांची परवानगी मिळवणं मला तरी सोपं गेलं. ऑटोहॉटकीची फाईल पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

माझं घोडं अडलं ते तारखेवर. कीबोर्ड मॅनेजरमध्ये शॉर्टकटला मजकूर जोडता येतो, पण तो ठरलेलाच. मी हौसेने आजची तारीख भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी बदलायला विसरलो आणि तीन पत्रं कालच्या तारखेने छापली. चूक माझीच, पण रोज सकाळी सेटिंग उघडायचं असेल तर हातानेच लिहिलेलं काय वाईट?

ऑटोहॉटकीत हे दोन ओळींत होतं:

```
#Requires AutoHotkey v2.0
#F9::SendText FormatTime(, "dd-MM-yyyy")
```

इथे `#` म्हणजे विंडोज की. `MM` मोठ्या लिपीतच हवं, कारण छोटं `mm` म्हणजे मिनिटं. नेटवर सापडणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट बऱ्याचदा पहिल्या आवृत्तीच्या असतात आणि दुसऱ्या आवृत्तीत त्या एरर देतात. पहिली ओळ त्यासाठीच.

`tt/` टाइप केलं की तारीख उमटावी, असंही करता येतं. पण इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिताना ती अक्षरं मुळात उमटतच नाहीत, म्हणून मी फंक्शन कीवर आलो.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत साधी स्क्रिप्ट गप्प बसते, पॉवरटॉईजचंही तेच. आणि एक्सेलमध्ये मी हे बटण वापरत नाही. विंडोजचं रीजन अमेरिकन असेल तर 05-03 ही ५ मार्च न राहता ३ मे होते. तिथे एक्सेलचंच `Ctrl+;` बरं.

तुम्हाला दोन-चार बटणंच बदलायची असतील तर पॉवरटॉईजवर थांबायला हरकत नाही. माझी स्क्रिप्ट मात्र विंडोज सुरू होताच आपोआप चालावी म्हणून `shell:startup` फोल्डरमध्ये पडून आहे.