दगा झाला तर किती माफ करायचं? चार डावपेचांची तुलना

कैद्यांच्या पेचाची, म्हणजे दोघांनी दर फेरीत सहकार्य किंवा दगा निवडायच्या खेळाची, स्पर्धा आहे, त्यासाठी प्रोग्रॅम लिहून द्यायचाय, असं म्हटलं की पहिला मोह होतो तो समोरच्याचं मन ओळखून त्याला गंडवणारं काहीतरी लिहिण्याचा. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी अशी स्पर्धा घेऊन १९८० मध्ये निकाल छापले, तेव्हा अनेकांनी तेच केलं होतं. जिंकला मात्र सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम. अनातोल रॅपोपोर्ट यांचा टिट फॉर टॅट पहिल्या चालीला सहकार्य करतो आणि पुढे समोरच्याची मागची चाल जशीच्या तशी परत करतो. बस्स.

गुणांचा हिशोब असा: दोघांनी सहकार्य केलं तर प्रत्येकी ३, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानेच दगा दिला तर त्याला ५ आणि भोळ्याला ०. एकेक सामना २०० फेऱ्यांचा.

आता एक गंमत. टिट फॉर टॅट एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, कारण तो आपणहून कधी दगा देत नाही, फक्त फेडतो. मग तो पहिला कसा येतो? स्पर्धेत मोजतात ती सगळ्या सामन्यांची बेरीज. लुबाडणारे एकमेकांसमोर आले की १-१ वर अडकतात, तर हा सरळ वागणाऱ्या प्रत्येकाकडून ३-३ काढून घेतो. पहिल्या स्पर्धेतले वरचे आठही प्रोग्रॅम आपणहून पहिला दगा न देणारे होते. साधेपणाचाही इथे रोकडा फायदा आहे: याची चाल दोन-चार फेऱ्यांत कळते, आणि याच्याशी नीट वागण्यातच आपलं भलं आहे हे समोरच्या प्रोग्रॅमला उमगतं. फार गुंतागुंतीचा डावपेच समोरच्याला नुसता बेभरवशाचा वाटतो, आणि बेभरवशाच्या माणसाशी कोण सहकार्य करणार?

तेव्हा 'पहिला दगा आपला नाही' हे पक्कं धरू. खरा प्रश्न त्यानंतरचा: दगा झाला तर काय? इथे चार पर्याय शेजारी ठेवून बघू. पहिला, कायमचा अबोला: एक दगा, की शेवटपर्यंत दगा. दुसरा, टिट फॉर टॅट. तिसरा, उदार टिट फॉर टॅट: दर दग्याला तीनात एकदा, नाणं उडवावं तसं, माफ करतो. चौथा, दोनदा सोसणारा: लागोपाठ दोन दगे झाले तरच उलटतो.

दोन परीक्षा घेऊ. एकीत सारखेच दोन खेळाडू समोरासमोर आहेत आणि एकविसाव्या फेरीत एकाचं चुकून बटण दाबलं जाऊन दगा होतो. दुसरीत समोर आहे एक आड एक दगा देणारा चलाख.

| डावपेच | एका चुकीनंतर दोघांची बेरीज (कमाल १२००) | चलाखाची दर फेरीची कमाई |
|---|---|---|
| कायमचा अबोला | ४८६ | ०.५ |
| टिट फॉर टॅट | १०२० | २.५ |
| उदार | सरासरी ११९७ | ३ |
| दोनदा सोसणारा | ११९९ | ४ |

टिट फॉर टॅटचं दुखणं पहिल्या रकान्यात दिसतं. एकाने चुकून दगा दिला, दुसऱ्याने पुढच्या फेरीत तो परत केला, मग पहिल्याने. असा झोका उरलेल्या १८० फेऱ्या चालतो. अ‍ॅक्सेलरॉड यांच्या स्पर्धेत हे प्रत्यक्ष घडलं. जॉस नावाचा प्रोग्रॅम अधूनमधून गुपचूप दगा द्यायचा. त्याच्याशी टिट फॉर टॅटचा सामना २३६-२४१ वर संपला. सरळ वागले असते तर दोघांनाही ६०० मिळाले असते.

मग दोनदा सोसणारा सर्वांत चांगला? अ‍ॅक्सेलरॉड यांच्या हिशोबाने तो पहिल्या स्पर्धेत उतरला असता तर जिंकला असता. दुसऱ्या स्पर्धेत जॉन मेनार्ड स्मिथ यांनी तो पाठवला आणि तो २४ वा आला, कारण आता मैदानात टेस्टरसारखे, मऊ लागलं की कोपराने खणणारे प्रोग्रॅम होते. पहिला आला तो पुन्हा टिट फॉर टॅटच.

उदाराचा एक-तृतीयांश कुठून आला, तेही तक्त्यात आहे. चलाखाला दग्याच्या फेरीत ५ मिळतात; पुढच्या फेरीत तो सहकार्य करतो तेव्हा तीनात एकदाच माफी असते, म्हणजे सरासरी १. दोन फेऱ्यांत ६, फेरीला ३. सरळ वागूनही तेवढेच. माफी याहून जरा जास्त दिली की लुबाडणं परवडायला लागतं. नोवाक आणि सिग्मुंड यांनी १९९२ मध्ये चुका होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या पिढ्या संगणकावर खेळवल्या. आधी दगेखोर वाढले, मग टिट फॉर टॅटसारख्या कडक खेळाडूंनी त्यांना संपवलं, आणि मैदान साफ झाल्यावर राज्य केलं ते उदाराने.

म्हणून प्रोग्रॅम देण्याआधी नियमावलीत दोन गोष्टी बघ. चाली चुकण्याची शक्यता ठेवली आहे का? नसेल आणि समोर कोण येणार ठाऊक नसेल, तर मी टिट फॉर टॅट देईन. असेल तर उदार. दुसरं, फेऱ्यांची संख्या आधी जाहीर आहे का? असेल तर शेवटच्या फेरीतल्या दग्याची फेड करायला पुढची फेरीच नसते, आणि हे ओळखणारे प्रोग्रॅम तिथे हमखास हात मारतात. अ‍ॅक्सेलरॉड यांनी दुसऱ्या स्पर्धेत सामना कधी संपेल हे याचसाठी नशिबावर सोडलं होतं.